लग्नाच्या मिस्सात साळवे सर रांगेत का उभे राहिले नाहीत?

*ताई, गेल्या महिन्यात ऑफिसातल्या जेनेटच्या लग्नाला वसईला गेले होते. चर्चमधलं लग्न पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी लोक रांगेत जाऊन फादरांकडून पांढरी चकती घेत होते. प्रसाद असेल म्हणून मीही उठणार होते, तर शेजारच्या साळवे सरांनी हळूच थांबवलं. गंमत म्हणजे ते स्वतः नगरचे ख्रिश्चन, तरी तेही बसूनच राहिले. आमचा केरळचा जेकब ऑर्थोडॉक्स आहे म्हणे, तोही बसला. सगळे येशूलाच मानतात ना? मग एकाने घ्यायचं आणि दुसऱ्याने नाही, हे काय? कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स यांच्यात नेमका फरक काय? पुढच्या महिन्यात साळवे सरांच्या नातवाचा बाप्तिस्मा नगरला आहे. तिथे मी काय करू?*
*— रेश्मा, डोंबिवली*

प्रिय रेश्मा,

साळवे सरांनी थांबवलं ते बरं केलं. तुम्ही उठला असतात तरी कुणी हात धरला नसता, पण फादर मात्र अडचणीत आले असते. आता ती चकती डोळ्यांसमोर असू द्या. ख्रिस्ती पंथांमधला फरक विचारला की लोक पोप, मरियामाता, मूर्ती इथून सुरुवात करतात. तेही येईलच, पण मला विचाराल तर हे लोक खऱ्या अर्थाने वेगळे होतात ते त्या रांगेतच.

आधी त्यांच्यात समान काय ते बघू, कारण ते पुष्कळ आहे. जेनेट, साळवे सर आणि जेकब तिघंही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव मानतात. येशू हा देवही आणि माणूसही, तो क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हेही तिघांना मान्य. सन ३२५ मध्ये निकिया या गावी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, बिशपांची परिषद भरली आणि तिथे श्रद्धेचं एक जाहीरनाम्यासारखं सूत्र ठरलं. ३८१ मध्ये त्यात भर पडली. ते सूत्र आजही तिघांच्या चर्चमध्ये म्हटलं जातं. तिघांच्या उपासनेत ब्रेड आणि द्राक्षारसही आहे, कारण पकडलं जाण्याआधीच्या रात्री येशूने शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडली, ‘हे माझं शरीर आहे’ म्हणून त्यांना दिली आणि ‘माझ्या आठवणीसाठी हे करा’ असं सांगितलं. हा विधी म्हणजे कम्युनियन. मराठी प्रोटेस्टंट मंडळी त्याला प्रभुभोजन म्हणतात.

भांडण आहे ते दोन प्रश्नांवर. त्या भाकरीचं नेमकं काय होतं? आणि ती द्यायचा अधिकार कुणाच्या हाताला आहे?

जेनेटच्या चर्चचं, म्हणजे कॅथलिकांचं, उत्तर सरळ आहे. फादरांनी वेदीवर येशूचे ते शब्द उच्चारले की ती भाकर उरत नाही. दिसायला, चवीला, वजनाला ती गव्हाची चकतीच असते, पण ती खरोखर ख्रिस्ताचं शरीर झालेली असते. १२१५ च्या लॅटरन परिषदेत ही शिकवण ठरलेल्या शब्दांत मांडली गेली. हे प्रतीक म्हणून बोललेलं नाही, हे लक्षात घेतलं की कॅथलिक चर्चमधल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. मिस्सा, म्हणजे ही उपासना, संपल्यावर उरलेल्या चकत्या टाकत नाहीत, की पुन्हा डब्यात भरत नाहीत. त्या वेदीजवळच्या एका कुलूपबंद पेटीत ठेवतात आणि तिच्याजवळ अखंड दिवा तेवत असतो. बाकात शिरण्याआधी लोक उजवा गुडघा जमिनीला टेकवतात, तो त्या पेटीच्या दिशेने. पुढच्या वेळी वसईला गेलात की बघा.

तुम्हाला तो प्रसाद वाटला यात नवल नाही, आपल्याकडे देवळात आलेल्या प्रत्येकाच्या हातावर प्रसाद पडतोच. इथे मात्र जो घेतो तो आपण त्या चर्चचे आहोत आणि तिथली शिकवण आपल्याला मान्य आहे असं सगळ्यांसमोर सांगत असतो. फादर चकती पुढे धरून ‘ख्रिस्ताचं शरीर’ म्हणतात आणि घेणारा ‘आमेन’ म्हणतो, म्हणजे हे खरं आहे, मला मान्य आहे. साळवे सरांना तो आमेन म्हणायचा नव्हता. त्यांनी मान राखला तो जेनेटच्या श्रद्धेचाही आणि स्वतःच्याही.

एक जाता जाता. रांगेत न उठणारा प्रत्येक जण परक्या पंथाचाच असतो असं समजू नका. कॅथलिकांनाही कम्युनियनच्या आधी तासभर काही खाता येत नाही, आणि गंभीर पाप मनावर असेल तर आधी फादरांपुढे त्याची कबुली द्यावी लागते. त्यामुळे जेनेटच्या एखाद्या काकांनीही बाक सोडलं नसेल. त्यावरून कुणी कुणाला काही विचारत नाही, तुम्हीही विचारू नका.

आता जेकब. त्याची गोष्ट सगळ्यांत जुनी आहे आणि तिच्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ऑर्थोडॉक्स म्हटलं की लोकांना रशिया नाहीतर ग्रीस आठवतो. जेकबचं चर्च त्या कुटुंबातलं नाही. ऑर्थोडॉक्स नावाची दोन वेगवेगळी घराणी आहेत आणि ग्रीक-रशियन घराणं रोमपासून तुटण्याच्याही आधी ती एकमेकांपासून तुटली.

ही पहिली मोठी फूट ४५१ सालची. कॅल्सेडन या गावी, आज जो इस्तंबूलचाच भाग आहे, तिथल्या परिषदेत ठरलं की येशू ही एकच व्यक्ती, पण तिला दोन स्वभाव, एक दैवी आणि एक मानवी. इजिप्त, सीरिया आणि आर्मेनियातल्या ख्रिस्ती लोकांना हे रुचलं नाही. त्यांचं म्हणणं, देव आणि माणूस त्याच्यात असे एक झालेत की दोन स्वभाव म्हणणं म्हणजे पुन्हा येशूचे दोन तुकडे करणं. आज आपण वाचतो तेव्हा हा शब्दांचा कीस वाटतो. पण त्यात साम्राज्याचं राजकारणही होतं: राजधानीने ठरवलेलं सूत्र इजिप्तच्या आणि सीरियाच्या लोकांना वरून लादल्यासारखं वाटलं. इजिप्तचे कॉप्टिक, इथिओपियाचे, आर्मेनियाचे आणि सीरियाचे ऑर्थोडॉक्स तेव्हापासून वेगळे. १९७३ मध्ये पोप सहावे पॉल आणि कॉप्टिकांचे पोप तिसरे शनुदा (हो, त्यांच्याही प्रमुखाला पोपच म्हणतात) यांनी एकत्र सही करून येशूवरची आपली श्रद्धा एकाच निवेदनात मांडली. त्यात तो जुना वाद बराचसा निवळला. चर्च मात्र एक झाली नाहीत. पंधराशे वर्षांत भाषा, विधी, संत, उपासाचे दिवस, सगळंच आपापलं झालं होतं.

मग केरळचा जेकब या सीरियन घराण्यात कसा? इथे आपल्याकडचे पोर्तुगीज येतात. केरळचे ख्रिस्ती आपली परंपरा येशूचा शिष्य थॉमस याच्यापासून सांगतात. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांचे बिशप इराण-इराकच्या बाजूच्या पूर्वेकडील चर्चकडून येत. ते चर्च तर ४३१ च्या परिषदेपासूनच वेगळं पडलेलं, म्हणजे जेकबच्या आजच्या घराण्यातही नसलेलं. पोर्तुगीजांना रोमला न मानणारे हे ख्रिस्ती खपेनात. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मिनेझिस यांनी उदयंपेरूरला सभा भरवली, त्यांना रोमच्या शिस्तीत आणलं आणि त्यांचे सिरियाक भाषेतले जुने ग्रंथ जाळायला लावले. राग धुमसत राहिला. ३ जानेवारी १६५३ ला कोचीजवळ मट्टनचेरीला हजारो लोक जमले. क्रुसाला प्रत्येकाचा हात पोचेना, म्हणून त्याला दोर बांधले आणि ते दोर धरून शपथ घेतली की यापुढे जेझुइट या कॅथलिक संघाच्या अधिकाऱ्यांना मानायचं नाही. पुढे १६६५ मध्ये सीरियन ऑर्थोडॉक्स चर्चचे बिशप मार ग्रेगोरिओस तिथे पोचले आणि विरोधकांतला मोठा गट त्यांच्या परंपरेत गेला. जेकबचं चर्च यातून आलं. बाकीचे बरेच जण रोमकडे परतले, पण आपली पूर्वेची उपासना राखून. तेच आजचे सिरो-मलबार. त्यामुळे केरळचा प्रत्येक ख्रिश्चन ऑर्थोडॉक्स नसतो. सिरो-मलबार माणूस पूर्ण कॅथलिक असतो, पोपला मानतो, फक्त त्याची मिस्सा वेगळी असते. त्यांची कल्याणच्या नावाने १९८८ पासून स्वतंत्र व्यवस्था आहे, तुमच्या डोंबिवलीच्या अगदी शेजारी.

म्हणजे ज्या पोर्तुगीजांमुळे वसई कॅथलिक झाली त्यांच्यामुळेच केरळच्या ख्रिस्ती समाजात फूट पडली. जेनेट आणि जेकब एका बाकावर बसून एकाने उठायचं आणि एकाने नाही, याच्यामागे ही सगळी उलाढाल आहे.

आणि यात एक मजेची गाठ आहे. भाकरीबद्दल जेकबची श्रद्धा जवळजवळ जेनेटसारखीच आहे: ते खरोखर ख्रिस्ताचं शरीर होतं. बिशपांची हातावर हात ठेवत आलेली, येशूच्या शिष्यांपर्यंत जाणारी साखळी दोघांनाही हवी, आणि रोम ऑर्थोडॉक्स बिशपांची साखळी खरी मानतं. म्हणून कॅथलिक नियमांप्रमाणे ऑर्थोडॉक्स माणसाने स्वतःहून मागितलं आणि त्याची मनाची तयारी असेल तर फादर त्याला कम्युनियन देऊ शकतात. जेकब बसून राहिला तो वसईच्या चर्चने अडवलं म्हणून नव्हे, त्याच्या स्वतःच्या चर्चला ते चालत नाही म्हणून. ऑर्थोडॉक्सांच्या मते एकत्र जेवण हे एकी झाल्यानंतर करायचं असतं, एकी घडवायचं साधन म्हणून नव्हे. मला स्वतःला हा आग्रह जरा कठोर वाटतो, पण त्यात ढोंग नाही हे मान्य करावं लागतं.

ग्रीक-रशियन घराणं रोमपासून तुटलं ते बरंच नंतर, आणि तिथे तर भांडण थेट भाकरीच्या पिठावरून पेटलं. रोमची चकती बिनखमिराची, नुसतं गव्हाचं पीठ आणि पाणी. येशूचं ते शेवटचं जेवण यहुद्यांच्या वल्हांडण सणातलं आणि त्या सणात खमीर चालत नाही, हा त्यांचा आधार. ग्रीकांची भाकर फुगलेली, खमीर घातलेली. त्यांच्या मते खमीर म्हणजे जीव, आणि बिनखमिराची भाकर म्हणजे जुन्या यहुदी नियमांकडे परत जाणं. १०५३ च्या सुमाराला हा वाद चिघळला. १०५४ मध्ये पोपचे दूत कार्डिनल हंबर्ट कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, गेले. बोलणी फिसकटली, आणि १६ जुलैला उपासना सुरू होण्याच्या वेळी ते हागिया सोफिया या तिथल्या मोठ्या चर्चमध्ये शिरले आणि तिथल्या प्रमुख बिशपांना, म्हणजे पॅट्रिआर्कना, बहिष्कृत करणारं पत्र थेट वेदीवर ठेवून निघून गेले. पॅट्रिआर्क मायकेल यांनीही उलट त्यांना बहिष्कृत केलं. ज्या पोपच्या नावाने पत्र होतं ते नववे लिओ एप्रिलमध्येच वारले होते. त्या पत्रात ग्रीकांवर असाही आरोप होता की त्यांनी निकियाच्या सूत्रातले काही शब्द गाळले. खरं तर उलटं झालं होतं. पवित्र आत्मा पित्यापासून ‘आणि पुत्रापासून’ येतो, यातले ‘आणि पुत्रापासून’ हे शब्द पश्चिमेनेच मागाहून घातले होते. आजही ग्रीक आणि रशियन चर्च ते शब्द म्हणत नाहीत.

पण कागदाने समाज तुटत नाही. सामान्य माणसाच्या मनातून रोम उतरलं ते १२०४ मध्ये, जेव्हा पश्चिमेच्या धर्मयोद्ध्यांनी ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलच लुटलं. १०५४ चे बहिष्कार दोन्ही बाजूंनी मागे घेतले ते थेट ७ डिसेंबर १९६५ ला. रांगा मात्र अजून वेगळ्याच आहेत. आज त्यांच्यातला मोठा अडसर भाकरीच्या पिठाचा नाही, पोपचा आहे. पोप हे बिशपांमध्ये मानाने पहिले, इथपर्यंत ऑर्थोडॉक्स येतील. पण साऱ्या जगातल्या चर्चवर त्यांचा थेट हुकूम चालतो, आणि श्रद्धेबद्दल त्यांनी औपचारिकपणे दिलेला निर्णय चुकू शकत नाही, हे त्यांना मान्य नाही. हे दुसरं तर रोमनेही १८७० मध्ये ठरवलं.

आता साळवे सर. प्रोटेस्टंटांची गोष्ट १५१७ पासून सांगायची रीत आहे. जर्मनीतल्या विटेनबर्गचा मार्टिन लुथर हा संन्यासी प्राध्यापक चर्चच्या पापमाफीच्या व्यवहारावर चिडला. पैसे देऊन पापाची शिक्षा कमी करून देणारी पत्रं विकली जात होती. त्याने ९५ मुद्दे मांडले. पण खरा तंटा पैशांपेक्षा खोल होता. माणूस देवाला पसंत पडतो तो केवळ विश्वासाने, आणि शेवटचा शब्द पोपचा की परिषदेचा नव्हे तर बायबलचा, असं लुथरचं म्हणणं. इथे आपला दुसरा प्रश्न, कुणाच्या हाताला अधिकार, पार बदलून गेला. सगळेच विश्वासणारे देवापुढे याजक असतील तर पाळक हा मंडळीचा सेवक ठरतो. भाकरीत काही घडवून आणणारा वेगळ्या जातकुळीचा माणूस तो नव्हे. म्हणून साळवे सरांचे पाळक लग्न करू शकतात, आणि ती बाईही असू शकते. दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांना बिशप केलं. कॅथलिकांत आणि ऑर्थोडॉक्सांत स्त्रीला ही दीक्षा मिळत नाही. (लग्न झालेले ऑर्थोडॉक्स पुरोहित मात्र भरपूर असतात, अविवाहित राहावं लागतं ते बिशपांना. जेकबच्या गावच्या पुरोहितांना बायको असेल तर दचकू नका.)

पण सगळे प्रोटेस्टंट एक का नाहीत? याचं उत्तर मारबुर्गच्या किल्ल्यातल्या एका टेबलावर आहे. रोमविरुद्ध सुधारकांनी एक व्हावं म्हणून हेसेचे सरदार फिलिप यांनी ऑक्टोबर १५२९ मध्ये लुथर आणि झुरिकचे झ्विंग्ली यांना समोरासमोर बसवलं. लुथरने सुरुवातीलाच खडूने टेबलावर लॅटिनमध्ये लिहिलं, ‘हे माझं शरीर आहे’, आणि वरून टेबलावरचं कापड ओढलं. झ्विंग्ली म्हणाले, इथे ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवतं’. येशू स्वर्गात आहे, तो एकाच वेळी हजार ठिकाणच्या भाकरीत कसा असेल? पुरावा मागितला की लुथर कापड वर करून ते शब्द दाखवायचा. शेवटी पंधरा कलमांचा मसुदा झाला. त्यातली चौदा दोघांना मान्य झाली. पंधराव्याचाही बराच भाग मान्य झाला, राहिलं ते एवढंच, की ख्रिस्ताचं शरीर भाकरीत खरोखर असतं की नाही. तेवढ्यावर ते वेगळे झाले. लुथरने रोमचं तात्त्विक स्पष्टीकरण फेकून दिलं होतं, पण भाकरीत ख्रिस्त आहे हे त्याने सोडलं नाही. पुढे जॉन कॅल्व्हिनने मधला मार्ग काढला: ख्रिस्त खरोखर मिळतो, पण आत्म्याद्वारे, भाकरीत बदल होऊन नव्हे. त्यातून लुथरन वेगळे आणि सुधारित पंथाचे वेगळे. इंग्लंडने १५३४ मध्ये आठव्या हेन्रीच्या घटस्फोटापायी रोमपासून फारकत घेतली, ते अँग्लिकन. त्यांनी बिशप ठेवले, उपासनेचा थाट बराचसा ठेवला, पोप तेवढे काढले. आणि झुरिकमध्येच १५२५ पासून काहींनी म्हटलं की तान्ह्या बाळाला कसला विश्वास, बाप्तिस्मा मोठेपणीच हवा. त्यांच्यातला फेलिक्स मान्झ याला १५२७ मध्ये प्रोटेस्टंट शहराच्याच हुकमाने नदीत बुडवून मारलं. मोठेपणीच बाप्तिस्मा हा मुद्दा आजही बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळींना बाकीच्यांपासून वेगळं करतो.

साळवे सरांचं नगर हे या साऱ्या इतिहासाचं आपल्याकडचं टोक. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं आणि १८३१ मध्ये नगरला पोचलं. ते प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा असं मानणारे. पुढे तिथेच अँग्लिकनांचं मिशनही आलं, बिशपवालं. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका घरात बिशप हवा आणि शेजारच्या घरात नको. इंग्लंड-अमेरिकेतली ही भांडणं आपल्या लोकांनी का वाहायची, असा प्रश्न इथल्या ख्रिस्ती पुढाऱ्यांना पडलाच. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल, मेथडिस्टांचा एक भाग, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स हे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, झालं.

कसं जमवलं ते बघण्यासारखं आहे, कारण अडचणी नेमक्या याच होत्या. कुणाच्या हाताची दीक्षा खरी, हा वाद टाळण्यासाठी एकत्र येणाऱ्या सगळ्या चर्चच्या सेवकांवर प्रार्थनेसह परस्परांचे हात ठेवले गेले. कुणाची दीक्षा आधी कमी होती की पुरी, हे कुणी बोललं नाही. बाप्तिस्म्याचं तर आणखी छान: बाळपणीचा आणि मोठेपणीचा, दोन्ही मान्य. आईवडिलांनी काय निवडायचं ते त्यांनी ठरवावं. बिशपही राहिले, आणि मंडळीचा कारभारही. साळवे सरांच्या नातवाचा बाप्तिस्मा बाळपणी होतोय, म्हणजे ते घर त्या पहिल्या वाटेचं.

या बाप्तिस्म्यात आणखी एक गंमत आहे. रांग वेगळी असली तरी पाणी बहुतेक एकच मानलं जातं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने दिलेला सीएनआयचा बाप्तिस्मा रोमला मान्य आहे. तो मुलगा उद्या कॅथलिक मुलीशी लग्न करून कॅथलिक झालाच तर पुन्हा बाप्तिस्मा घेणार नाही. बॅप्टिस्ट किंवा पेंटेकोस्टल मंडळीत गेला तर मात्र बहुधा घ्यावा लागेल.

पेंटेकोस्टलांबद्दल थोडं सांगते, कारण डोंबिवली-कल्याणकडे त्यांच्या सभा तुम्ही पाहिल्या असतील. गाणी, टाळ्या, मोठ्याने प्रार्थना, आजाऱ्यांवर हात ठेवणं, कुणी अनोळखी भाषेत बोलू लागणं. त्यांचा भर भाकरीपेक्षा पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर. याची सुरुवात लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर १९०६ मध्ये झाली असं जगभर सांगतात. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९०५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनासभांत असंच भारलेपण उसळलं होतं. मराठी वाचकाला हे ठाऊक असायला हवं असं मला वाटतं.

मरियेचा आणि मूर्तींचा प्रश्न राहिलाच. कॅथलिक मरियेची पूजा करत नाहीत, तिला आपल्यासाठी देवाकडे विनंती करायला सांगतात. ऑर्थोडॉक्सही सांगतात. प्रोटेस्टंट म्हणतात, येशू असताना मध्यस्थ कशाला. मेलेल्यांसाठी प्रार्थनेचंही तसंच. २ नोव्हेंबरला वसईच्या दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, कारण गेलेल्यांच्या आत्म्यांना आपल्या प्रार्थनेने मदत होते अशी श्रद्धा. त्याला आधार असलेला मक्काबींचा ग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. कॅथलिकांचं बायबल ७३ पुस्तकांचं, साळवे सरांचं ६६ चं. फरक आहे तो फक्त जुन्या करारात.

नगरला गेल्यावर तुम्हाला चर्च जास्त साधं वाटेल. क्रूस असेल, पण त्यावर येशूची आकृती बहुधा नसेल. ती कुलूपबंद पेटीही बहुधा नसेल, आणि गुडघा टेकणारं कुणी दिसणार नाही. उपदेश लांब असतो, मराठीत असतो, आणि गाणी तुम्हाला आवडतील. नारायण वामन टिळकांची असली तर आपल्या अभंगांच्या जवळची वाटतील. बाळाच्या डोक्यावर पाणी घालताना पाळक आईवडिलांना काही प्रश्न विचारतील आणि ते उत्तरं देतील. मंडळी उभी राहिली की तुम्ही उभ्या राहा, बसली की बसा. म्हणण्याची सक्ती काहीच नाही.

त्याच दिवशी प्रभुभोजन असलं तर ते उपासनेच्या शेवटाकडे येईल. तिथे चकतीऐवजी कदाचित पावाचे तुकडे आणि छोट्या छोट्या पेल्यांत द्राक्षाचा रस दिसेल. बहुतेक सीएनआय मंडळी दुसऱ्या पंथाच्या बाप्तिस्मा झालेल्या माणसाला आनंदाने देतात, त्यामुळे जेनेट तिथे आली तर तिला बोलावलं जाईल. ती मात्र बहुधा बसून राहील, कारण आता न घेण्याची पाळी तिच्या चर्चच्या नियमाने तिच्यावर आली. तुमचा बाप्तिस्मा झालेला नाही, तेव्हा तुम्हीही बसूनच राहा. ताट किंवा पेले बाकांमधून हातोहात आले तर ते शेजाऱ्याकडे पुढे द्या. नंतर नाश्ता असतोच, तो मात्र अगदी मोकळेपणाने घ्या. बाळासाठी चांदीचं नाणं किंवा कपडे नेलेत तरी चालतील.